आपल्याच जुन्या पेपरमधला मजकूर आणि संपादकांना गेलेलं उत्तर

नवी मुंबईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने ठाणे खाडीच्या गाळातल्या धातूंवरचा एक पेपर परदेशी जर्नलला पाठवला होता. तो रिव्ह्यूअरकडे जाण्याआधीच संपादकांचं छोटंसं पत्र आलं. तुमच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेपरशी या हस्तलिखिताचं लक्षणीय साम्य आढळलं आहे, अहवाल सोबत जोडला आहे, चौदा दिवसांत स्पष्टीकरण द्यावं, तोवर पुढची प्रक्रिया थांबवली आहे, एवढंच त्यात होतं. चोरीचा आरोप नव्हता की नकारही नव्हता.

कॉलेजच्या रिसर्च सेलचं काम माझ्याकडे असल्यामुळे मॅडम तो अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या. सोबत उत्तराचा मसुदाही होता, रात्री रागात लिहिलेला. मजकूर माझा, प्रयोग माझे, मग मी माझीच चोरी कशी करेन, असा त्याचा सूर होता. शेवटी एक वाक्य होतं, की साम्य 10 टक्क्यांच्या खाली आणून देते. पुढचं सगळं या मसुद्याचं काय झालं त्याविषयी आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

आधी ते 10 टक्के. आपल्याकडे हा आकडा डोक्यात बसला आहे तो यूजीसीच्या 2018 च्या नियमांमुळे. त्यात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि पुढे 40 आणि 60 टक्क्यांवर पायऱ्या आहेत. ही चौकट विद्यापीठ आणि कॉलेजांनी आपल्या विद्यार्थ्यांवर आणि शिक्षकांवर काय कारवाई करायची यासाठी आहे. परदेशी जर्नलच्या संपादकांना ती बंधनकारक नाही, आणि त्यांनी टक्का विचारलाही नव्हता. हे साम्य का आहे, असं त्यांनी विचारलं होतं. त्याला ‘टक्का कमी करते’ असं उत्तर दिलं, तर प्रश्न कळलाच नाही किंवा टाळायचा आहे, एवढाच अर्थ निघतो.

मग अहवाल उघडून बसलो. एकूण साम्य 31 टक्के. संदर्भसूची वगळली की 24. त्यातले 17 टक्के एकाच स्रोतातून, म्हणजे त्यांच्या 2021 च्या पेपरमधून. उरलेले सात टक्के डझनभर ठिकाणी विखुरलेले, कुठे कॉलेजचा पत्ता, कुठे उपकरणाचं नाव, कुठे शास्त्रातला ठरीव वाक्प्रयोग. ते सोडून दिले. हस्तलिखित सहा हजार शब्दांचं, म्हणजे 17 टक्क्यांचे झाले साधारण हजार शब्द. हे हजार शब्द कुठे आहेत ते पाहणं हे खरं काम. निम्म्याहून जास्त प्रयोगपद्धतीत होते, दोनशे-सव्वादोनशे अभ्यासक्षेत्राच्या वर्णनात, शंभरेक प्रस्तावनेत, आणि जेमतेम साठ शब्द चर्चेच्या भागात.

संख्येने सगळ्यात मोठा भाग प्रयोगपद्धतीचा, पण काळजी तिथे सगळ्यात कमी. गाळातला धातू कशाला किती घट्ट धरून बसला आहे हे पाहण्यासाठी मॅडमनी बीसीआर ही टप्प्याटप्प्याने निष्कर्षण करण्याची प्रमाणित पद्धत वापरली होती. एक ग्रॅम कोरडा गाळ, त्यावर 0.11 मोलर अॅसिटिक आम्लाचं 40 मिलीलीटर द्रावण, 16 तास शेकरवर. मग हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियम अॅसिटेट. शेवटी उरलेल्या गाळावर अॅक्वा रेजिया. हे टप्पे या पेपरात नवे होते. जुळत होतं ते त्याआधीचं वर्णन, नमुने घेणं, वाळवणं, चाळणं आणि उपकरणांची जुळणी यांचं. तेच काम दोन पेपरांत दोन तऱ्हांनी का लिहायचं? मॅडमच्या एका सहकाऱ्याने शब्द फिरवून द्यायची तयारी दाखवली होती. त्याने केलेला नमुना मी पाहिला. ‘शेक केलं’चं ‘ढवळलं’ झालं होतं, ‘सेंट्रिफ्यूज करून’चं ‘गाळून’ झालं होतं. टक्का घसरला खरा, पण आता वाचणाऱ्याला वाटणार की या वेळी पद्धत बदलली. गाळून घेतलेल्या द्रावणात आणि सेंट्रिफ्यूज करून वरून काढलेल्या द्रावणात बारीक कणांचा फरक पडतो, तो निकालात उतरतो. साम्य लपवण्यासाठी विज्ञान चुकीचं लिहिलं गेलं. माझ्या मते हे मूळ पुनर्वापरापेक्षा वाईट. पद्धत तीच असेल तर तीच वाक्यं ठेवावीत आणि ती कुठून आली हे सांगावं. बहुतेक संपादकांना पद्धतीच्या भागातला असा पुनर्वापर, उल्लेखासह, चालतो.

अभ्यासक्षेत्राच्या परिच्छेदात वेगळीच गंमत निघाली. तो 2021 च्या पेपरमधून जसाच्या तसा उचलला होता. खाडीची लांबी, भरती-ओहोटी, कांदळवन, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, 2015 साली जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य, सगळं होतं. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ठाणे खाडीला 2022 मध्ये मिळालेला रामसर दर्जा मात्र नव्हता, कारण मूळ परिच्छेद त्याआधीचा. 2024 मध्ये पाठवलेल्या पेपरात खाडीची ओळख तीन वर्षं जुनी राहिली होती. ऐरोलीला राहणाऱ्या, रोज खाडीवरून जाणाऱ्या बाईंच्या पेपरात हे सुटलं, कारण तो परिच्छेद पेस्ट केल्यावर कुणी वाचलाच नव्हता. संपादकांना हे दिसलं असेल-नसेल, पण रिव्ह्यूअरला नक्की दिसलं असतं.

आता ते साठ शब्द. चर्चेच्या भागातली तीन वाक्यं आठ ठिकाणच्या एकूण क्रोमियम, तांबं आणि शिशाच्या पातळ्यांबद्दल होती, आणि त्यांना आधार म्हणून एका तक्त्यात एक स्तंभ होता. मी विचारलं, “मॅडम, हे एकूण धातूंचे आकडे या वेळी नव्याने काढले का?”

“नाही सर, ते 2019 चेच. नमुने तेच आहेत ना.”

सगळ्या प्रकरणाची गाठ इथे होती, आणि अहवालात तिचा मागमूस नव्हता. जानेवारी 2019 मध्ये कळव्यापासून वाशी पुलापर्यंत आठ ठिकाणांहून गाळ घेतला गेला. त्यात एकूण धातू किती, हे 2021 च्या पेपरात आलं. वाळवून, चाळून बाटल्यांत ठेवलेल्या त्याच गाळावर नंतर बीसीआर केलं, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच आठ ठिकाणांहून आणलेल्या नव्या गाळावरही केलं. दोन्हींची तुलना हा नवा पेपर. हस्तलिखितात मात्र ‘आठ ठिकाणांहून नमुने गोळा केले’ एवढंच होतं. 2019 चे नमुने आधीच एका पेपरात येऊन गेले आहेत, हे कुठेच नव्हतं.

याने काय बिघडतं? उद्या कुणी पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांचा आढावा घेताना हे दोन्ही पेपर हाती घेईल. आठ नमुने त्याला सोळा वाटतील आणि दोन स्वतंत्र अभ्यासांत क्रोमियम सारखंच निघालं असं तो लिहील. सारखं निघणारच, कारण गाळ एकच आहे. हजार सारख्या शब्दांनी कुणाची फसगत होत नाही, न सांगता पुन्हा वापरलेल्या आठ नमुन्यांच्या आकड्यांनी होते. मजकुराशी मजकूर जुळवणारं सॉफ्टवेअर हे सहसा पकडत नाही. इथे तर लहान जुळण्या गाळण्याची मर्यादा लावलेली होती, त्यामुळे तो आकड्यांचा स्तंभ अहवालात रंगलाही नव्हता. नमुन्यांच्या जागांचा नकाशा जुन्या पेपरमधला तसाच आला होता, त्याचीही नोंद नव्हती, कारण चित्र हा मजकूर नव्हे.

मॅडमनी विचारलं की जे अहवालात नाही ते आपण होऊन का सांगायचं. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, संपादक जुना पेपर उघडणारच, कारण त्यांनीच तो शोधून काढला आहे. उघडल्यावर तक्ते शेजारी-शेजारी ठेवायला पाच मिनिटं पुरतात. कोपच्या मार्गदर्शक तक्त्यात, म्हणजे प्रकाशनातल्या नीतीबद्दल संपादकांना सल्ला देणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात, वाटा इथेच फुटतात. साम्य थोडं असेल आणि त्याला पटण्याजोगं कारण असेल, तर उल्लेख किंवा फेरलेखन मागायचं. आकडेच पुन्हा वापरले असतील आणि ते झाकलं असेल, तर हस्तलिखित नाकारायचं आणि गरज पडली तर लेखकाच्या संस्थेला कळवायचं. आपण सांगितलं की पहिली वाट, त्यांना सापडलं की दुसरी.

शिवाय ते जुने आकडे तिथे हवेतच होते. बीसीआर बरोबर झालं की नाही हे तपासायचं तर चार टप्प्यांत मिळालेल्या धातूची बेरीज त्याच नमुन्याच्या एकूण धातूशी ताडून पाहावी लागते. जुना स्तंभ ताळमेळासाठी होता, नवा निष्कर्ष म्हणून नव्हे. हे एका वाक्यात लिहिलं की संशयाची जागाच उरत नाही. ते लिहिलं गेलं नव्हतं, एवढंच.

आणखी एक धागा होता, आणि तो मला सगळ्यात नाजूक वाटला. 2021 च्या पेपरावर मॅडमबरोबर त्यांच्या तेव्हाच्या संशोधक विद्यार्थ्याचंही नाव होतं. नव्या पेपरावर ते नव्हतं. प्रस्तावनेतला तो शंभर शब्दांचा परिच्छेद त्याने लिहिलेला होता. म्हणजे ‘माझाच मजकूर’ हा दावा निदान त्या परिच्छेदापुरता टिकत नव्हता. लेखकांची यादी बदलते तेव्हा स्वतःच्या मजकुराचा पुनर्वापर हा शब्दप्रयोग लंगडा पडतो, कारण त्यातला थोडा मजकूर दुसऱ्याचा असतो. मॅडमनी त्याला फोन केला. तो आता पनवेलला एका प्रयोगशाळेत नोकरीला आहे. बीसीआरच्या कामात आणि नव्या लेखनात तो नव्हता, त्यामुळे सहलेखकपद त्याने स्वतःच नको म्हटलं. 2019 चे नमुने त्याने होडीतून जाऊन गोळा केले होते, त्याबद्दल ऋणनिर्देशात नाव घालायला त्याने ईमेलवर संमती दिली. परिच्छेद काढून टाकायचं ठरलं.

मग पत्र लिहिलं. ते इंग्रजीत गेलं. इथे त्याचा मजकूर मराठीत देतो. यातलं लेखन मॅडमचं, मी फक्त काही वाक्यं खोडली.

“माननीय संपादक महोदया,

आमच्या हस्तलिखिताचं आमच्याच 2021 च्या पेपरशी असलेल्या साम्याबद्दल आपण स्पष्टीकरण मागितलं आहे. आपलं निरीक्षण बरोबर आहे. संदर्भसूची सोडून सुमारे हजार शब्द त्या पेपरशी जुळतात. त्या पेपरचा संदर्भ आम्ही प्रस्तावनेत दिला होता, पण मजकूर आणि काही आकडे त्यातून घेतले आहेत हे ना हस्तलिखितात सांगितलं, ना सोबतच्या पत्रात. ते सांगायला हवं होतं.

जुळणाऱ्या मजकुरापैकी निम्म्याहून अधिक भाग नमुने घेणं, वाळवणं, चाळणं आणि उपकरणांची जुळणी यांच्या वर्णनाचा आहे. या पायऱ्या दोन्ही अभ्यासांत सारख्याच होत्या. शब्द बदलल्यास पद्धत बदलली असा गैरसमज होईल, म्हणून हे वर्णन आम्ही तसंच ठेवू इच्छितो, आणि विभागाच्या पहिल्याच वाक्यात ते 2021 च्या पेपरमधून घेतल्याचं नमूद केलं आहे. आपल्या जर्नलचं धोरण वेगळं असेल तर आम्ही ते संक्षिप्त करून मूळ पेपरकडे निर्देश करू. अभ्यासक्षेत्राचं वर्णन नव्याने लिहिलं आहे; जुनं वर्णन 2022 नंतरच्या स्थितीला धरून नव्हतं. प्रस्तावनेतला जुळणारा परिच्छेद काढून टाकला आहे.

साम्य अहवालात न आलेल्या दोन गोष्टी आपल्या नजरेस आणून देत आहोत. पहिली, या अभ्यासातले 2019 चे आठ नमुने हे 2021 च्या पेपरमधलेच नमुने आहेत. तक्ता 2 मधला ‘एकूण धातू’ हा स्तंभ 2019 पुरता त्या पेपरमधून घेतला आहे. चार टप्प्यांच्या बेरजेचा ताळमेळ पाहण्यापुरताच त्याचा उपयोग केला आहे. तो या पेपरचा निष्कर्ष नाही. तक्त्याच्या शीर्षकात, पद्धतीच्या विभागात आणि सारांशात आता तसं स्पष्ट लिहिलं आहे. चर्चेतली तीन वाक्यं याच आकड्यांबद्दल होती, ती संदर्भ देऊन एका वाक्यात आणली आहेत. दुसरी, आकृती 1 मधला नकाशा आधी प्रसिद्ध झालेला आहे आणि त्याचे हक्क त्या प्रकाशकाकडे आहेत. त्याऐवजी आम्ही नवा नकाशा काढून जोडला आहे.

2021 च्या पेपरचे दुसरे लेखक या अभ्यासात सहभागी नव्हते. त्यांना या पत्रव्यवहाराची कल्पना आहे आणि नमुने गोळा केल्याबद्दल ऋणनिर्देशात त्यांचं नाव देण्यास त्यांची लेखी संमती आहे. ती सोबत जोडली आहे.

2021 चा पेपर गाळात धातू किती आहे एवढंच सांगतो. त्यातला किती भाग सहज सुटून पाण्यात येऊ शकतो, आणि 2019 ते 2022 मध्ये त्यात काय फरक पडला, हे या हस्तलिखितात प्रथमच मांडलं आहे. टप्प्याटप्प्याच्या निष्कर्षणाचे सर्व आकडे आणि 2022 चे सर्व नमुने अप्रकाशित आहेत. या नमुन्यांवर आधारित दुसरं कोणतंही हस्तलिखित अन्यत्र विचाराधीन नाही.

सोबत 2021 च्या पेपरची प्रत, बदल दाखवणारं हस्तलिखित आणि स्वच्छ प्रत जोडत आहे.

आपली,”

खोडलेल्या वाक्यांबद्दल थोडं. एका वाक्यात म्हटलं होतं की इंग्रजी आमची मातृभाषा नसल्यामुळे वाक्यं पुन्हा वापरावी लागली. हे खरं असलं तरी नमुन्यांचा उल्लेख का राहिला याचं ते उत्तर नाही, आणि संपादकांना तो फरक लगेच कळतो. दुसऱ्यात हस्तलिखिताची जुळवाजुळव विद्यार्थ्यांनी केल्याचं होतं. अशी पत्रं मी बरीच पाहिली आहेत, त्यात विद्यार्थी हमखास येतो. पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून ज्याचं नाव आहे त्याने बोट खाली दाखवलं की उरलेलं पत्रही कुणी सरळ मनाने वाचत नाही. तिसऱ्यात विषयाचं महत्त्व सांगितलं होतं. ते कुणी विचारलं नव्हतं.

नकाशाचा मुद्दा आधी मॅडमना किरकोळ वाटला होता. जुन्या पेपरच्या वेळी सही केलेला करार शोधून वाचला तेव्हा दिसलं की सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले आहेत. तो पेपर सीसी बाय परवान्याखाली असता तर श्रेय देऊन तोच नकाशा वापरता आला असता. हक्क दिल्यावर स्वतःच्या आकृतीसाठीही परवानगी मागावी लागते. नवा नकाशा काढणं त्यापेक्षा सोपं होतं.

मला स्वतःला एका कारणासाठी हे पत्र नीट जायला हवं होतं. स्वतःच्या प्रकाशित कामाचा उल्लेख न करता पुनर्वापर करून शैक्षणिक लाभ घेणं अमान्य आहे, अशी सूचना यूजीसीने एप्रिल 2020 मध्ये काढली आहे. पदोन्नतीच्या वेळी हे दोन्ही पेपर मॅडमच्या फाइलमध्ये लागणार. तेव्हा समितीतल्या कुणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर दुसऱ्या पेपरातच सगळं लिहिलेलं असावं, वेगळा खुलासा करायची पाळी येऊ नये.

संपादकांचं उत्तर आलं. स्पष्टीकरण मान्य, पद्धतीचा भाग उल्लेखासह तसाच ठेवायला हरकत नाही. पण त्यांनी एक नवा प्रश्न विचारला, आणि तो केवळ आम्ही नमुन्यांबद्दल सांगितल्यामुळे निघाला. 2019 चा गाळ वाळवून इतकी वर्षं साठवलेला होता, 2022 चा ताजा वाळवून लगेच वापरलेला. खाडीचा गाळ काळा, ऑक्सिजन नसलेला असतो. तो वाळवताना आणि साठवताना त्यातल्या सल्फाइडांचं ऑक्सिडीकरण होतं आणि घट्ट बसलेला धातू सैल टप्प्यांत सरकू शकतो. मग 2019 आणि 2022 मधला फरक खाडीतला आहे की बाटलीतला?

मॅडम दोन दिवस गप्प होत्या. मग त्यांनी 2022 चा राखून ठेवलेला गाळ काढला आणि त्याच आठ ठिकाणांच्या नमुन्यांवर बीसीआर पुन्हा केलं, म्हणजे साठवणीने आकडे किती हलतात ते कळेल. तांबं आणि शिसं यांच्या पहिल्या टप्प्यात वाढ दिसली, क्रोमियममध्ये जवळपास नाही. साठवण दोन्हींची सारखी नव्हती, त्यामुळे जुन्या आकड्यांत दुरुस्ती करणं शक्य नव्हतं. सुधारित हस्तलिखितात त्यांनी तांबं आणि शिसं यांची 2019 शी तुलना काढून टाकली, क्रोमियमची ठेवली, आणि साठवणीच्या परिणामाचा तक्ता जोडला. शीर्षकातला ‘बदल’ हा शब्दही गेला. पेपर त्या रूपात रिव्ह्यूअरकडे गेला आहे.